‘एकदाच भरा, आयुष्यभर वापरा’: घरचा ठेवा कुणाच्या भरवशावर?

दर वर्षी नोव्हेंबर उजाडला की ई-मेलवर जाहिराती यायला लागतात. एकदाच चारशे डॉलर भरा आणि २ टीबी क्लाउड स्टोरेज कायमचं मिळवा. चारशे डॉलर म्हणजे साधारण पस्तीस हजार रुपये. दुसऱ्या बाजूला गूगल किंवा अ‍ॅपलसारख्या मोठ्या कंपन्यांचे तेवढ्याच जागेचे प्लॅन भारतात वर्षाला साडेसहा ते नऊ हजारांच्या घरात जातात. साडेसहा हजारांनी भागलं तर साडेपाच वर्षांत एकरकमी पैसे वसूल होतात आणि त्यापुढची सगळी वर्षं फुकट. हिशेब इतका सरळ दिसतो, की आजोबांच्या जमान्यातले फोटो, लग्नाच्या कॅसेटी आणि वाड्याची जुनी कागदपत्रं एकदाची तिथे चढवून मोकळं व्हावं असं कुणालाही वाटेल.

या हिशेबात एक बाजू मात्र सुटलेली असते. ही जागा सांभाळायला कंपनीला दर महिन्याला खर्च येतो आणि तुमचे पैसे तिला एकदाच मिळालेले असतात. मग पुढचा खर्च कशातून भागतो? घरचा दस्तऐवज कुणाच्या हवाली करायचा हे ठरवण्याआधी हा प्रश्न विचारायला हवा.

मराठी वाचकाला हे गणित नवं नाही. आपली मासिकं, ग्रंथालयं आजीव वर्गणी घेत आली आहेत. ज्या संस्थेने ती रक्कम वेगळी ठेवीत गुंतवली आणि फक्त व्याज वापरलं, तिला दिलेला शब्द पाळणं शक्य झालं. ज्या संस्थेने ती त्याच वर्षीच्या कागदाच्या आणि छपाईच्या बिलात घातली, तिला पुढचे अंक काढायला सतत नवे आजीव वर्गणीदार शोधावे लागले. आजीवन स्टोरेजचंही असंच आहे. अमेरिकेतली पर्मनंट डॉट ऑर्ग ही ना-नफा संस्था दर जीबीला एकदाच शुल्क घेते आणि त्या पैशांच्या कायम निधीतून साठवणुकीचा खर्च भागवायचा अशी तिची रचना आहे. तिथे एका जीबीचा दर दहा डॉलर राहिलेला आहे. म्हणजे २ टीबीला वीस हजार डॉलर! शब्द पाळायचा हिशेब धरून लावलेली किंमत आणि चारशे डॉलरची जाहिरात यांतला फरक डोळ्यांत भरण्यासारखा आहे. संस्थेचा दर चढा आहे असं कुणी म्हणेल, पण निदान पैसे कुठून येणार याचं उत्तर तिच्याकडे आहे.

चारशे डॉलरवाल्याचं उत्तर बहुतेक वेळा दोन गृहीतकांवर उभं असतं. पहिलं असं, की २ टीबी घेणारे बहुतेक जण तेवढं भरतच नाहीत. दुसरं असं, की डिस्क दर वर्षी स्वस्त होत जातील. दुसऱ्या गृहीतकाचं गणित शाळेतल्या भूमितीय श्रेढीचं आहे. साठवणुकीचा खर्च दर वर्षी वीस टक्क्यांनी उतरत गेला, तर अनंत काळाचा एकूण खर्च पहिल्या वर्षाच्या फक्त पाचपट होतो. खर्च दहा टक्क्यांनी उतरला तर दसपट, आणि पाचच टक्क्यांनी उतरला तर वीसपट. उतरला नाही, तर या बेरजेला शेवटच नाही.

प्रत्यक्षात काय झालं? २०११ साली थायलंडमध्ये महापूर आला, हार्डडिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले आणि डिस्कच्या किमती चढल्या. त्यानंतर त्या पुन्हा उतरल्या, पण आधीच्या वेगाने नाही. बॅकब्लेझ ही अमेरिकी कंपनी घाऊक साठवणुकीसाठी ओळखली जाते. २०१५ मध्ये तिने आपली बी-टू सेवा सुरू केली तेव्हा दर होता एका टीबीला महिना पाच डॉलर. २०२३ मध्ये तो सहा डॉलर झाला. आठ वर्षांत ग्राहकासाठी दर उतरला नाही, वाढला. या दराने २ टीबी पूर्ण भरलेली जागा सांभाळायला महिन्याला बारा डॉलर लागतात. म्हणजे तुमचे चारशे डॉलर पावणेतीन वर्षांत संपतात. कंपनीची स्वतःची यंत्रणा असेल तर तिला याहून कमी खर्च येतो आणि तुम्ही निम्मीच जागा वापरलीत तर पैसे दुप्पट काळ पुरतात. तरी त्याला कुठे ना कुठे शेवट आहे. तिथून पुढे तुमचे फोटो सांभाळायचे पैसे नव्या गिऱ्हाइकांकडून येणार असतात.

म्हणून माझा सल्ला असा, की आजीवन प्लॅन घ्यायचाच असेल तर तो पाच वर्षांची आगाऊ वर्गणी समजून घ्यावा. पाच वर्षांच्या सेवेसाठी ही रक्कम योग्य वाटत असेल तर घ्यावा, त्यापुढे मिळेल ते वरकड. पन्नास वर्षांची हमी विकत घेतली असं समजून मात्र घेऊ नये.

करारात नेमकं काय लिहिलेलं असतं

आजीवन प्लॅन विकणाऱ्यांत पीक्लाउड ही स्विस कंपनी सर्वांत परिचित. आजीवन म्हणजे नव्व्याण्णव वर्षं किंवा खातेदाराचं आयुष्य, यांपैकी जे आधी संपेल ते, अशी मर्यादा तिने घातलेली आहे. एकट्याच्या कामाच्या फायलींसाठी हे पुरेसं आहे. पण घरचा ठेवा जपायचा तो आपल्यामागे उरावा म्हणून. सत्तरीतल्या वडिलांनी हौसेने स्वतःच्या नावावर असा प्लॅन घेतला, तर ज्या दिवशी मुलांना त्या फोटोंची सर्वाधिक गरज भासेल त्याच दिवशी त्यांचा हक्क संपलेला असेल. म्हणून खातं कुणाच्या नावावर उघडायचं हा प्रश्न पैशांइतकाच महत्त्वाचा. घरातल्या तरुण आणि या कामात रस असलेल्या माणसाच्या नावावर ते असावं, आणि खातं दुसऱ्याच्या नावे करता येतं का, हे कंपनीला पैसे भरण्याआधी लेखी विचारून घ्यावं.

दुसरं कलम असतं सेवा बंद करण्याचं. किती दिवस आधी कळवणार, तोवर सगळा डेटा उतरवून घेता येईल का आणि पैसे परत मिळणार का, हे तिथे लिहिलेलं असतं. पुष्कळदा यातलं काहीच लिहिलेलं नसतं, आणि त्यातूनही बरंच कळतं. २००८ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कमधली डिजिटल रेलरोड ही कंपनी बुडाली. व्यावसायिक छायाचित्रकारांचे संग्रह तिथे होते. आपले फोटो उतरवून घ्यायला त्यांना चोवीस तासांची मुदत मिळाली. सगळे एकाच वेळी धावले की सर्व्हर कोलमडतो, त्यामुळे मुदत असूनही तिचा उपयोग थोड्यांनाच होतो. याउलट २०१२ मध्ये कोडॅकने आपली फोटो गॅलरी बंद केली, तेव्हा ग्राहकांचे फोटो शटरफ्लाय या दुसऱ्या कंपनीकडे नेण्याची व्यवस्था झाली होती. बुडणाऱ्या कंपन्याही सारख्या रीतीने बुडत नाहीत. करारातलं कलम वाचायचं ते यासाठीच.

तिसरी गोष्ट मालकी बदलण्याची. कंपनी विकली जाते तेव्हा नवा मालक कधीकधी फक्त तंत्रज्ञान आणि ग्राहकांची यादी घेतो, जुनी देणी घेत नाही. २०२५ मध्ये व्हीपीएनसिक्युअर या सेवेच्या आजीवन ग्राहकांना याचा अनुभव आला. नव्या मालकांनी त्यांची खाती बंद केली आणि असे आजीवन करार झाल्याचं आपल्याला खरेदीच्या वेळी सांगितलंच नव्हतं, असं स्पष्टीकरण दिलं. ती साठवणुकीची सेवा नव्हती, त्यामुळे कुणाचे फोटो गेले नाहीत. पण आजीवन शब्द कुणी दिला आणि तो कुणाला बांधतो, हे त्यातून लख्ख दिसलं.

मासिक वर्गणी तुटते ती गुपचूप

मग दर महिन्याला किंवा वर्षाला पैसे देणं सुरक्षित का? कंपनीच्या बाजूने, हो. तुमचा फोटो जपण्यात तिचं दर महिन्याचं उत्पन्न गुंतलेलं असतं. पण इथे धोका आपल्या बाजूला सरकतो.

भारतात १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप पैसे कापण्याचे रिझर्व्ह बँकेचे नियम कडक झाले. आधी ग्राहकाची मंजुरी नोंदवावी लागते आणि पैसे कापण्याच्या किमान चोवीस तास आधी सूचना द्यावी लागते. ग्राहकाच्या हिताचा हा नियम आहे. पण त्यानंतर अनेकांच्या परदेशी सेवांच्या वर्गण्या अडकल्या, कारण सगळ्या कंपन्या आणि बँका या व्यवस्थेला जोडल्या गेलेल्या नव्हत्या. आजही कार्डाची मुदत संपली, बँक बदलली किंवा मोबाइल नंबर बंद झाला की हप्ता चुकतो. सूचनेचा ई-मेल अशा पत्त्यावर जातो, जो वर्षानुवर्षं कुणी उघडलेला नसतो.

हप्ता चुकल्यावर लगेच फोटो पुसले जात नाहीत. गूगलचं उदाहरण घ्या. तिथे फुकटची मर्यादा १५ जीबी. त्यापेक्षा जास्त साठा राहिला की नवे फोटो चढणं थांबतं आणि जीमेलवर नवी पत्रंही येत नाहीत. दोन वर्षं हीच स्थिती राहिली तर साठा पुसण्याचा हक्क कंपनीने राखून ठेवला आहे. शिवाय दोन वर्षं न वापरलेलं खातंच काढून टाकण्याचं धोरण २०२३ च्या डिसेंबरपासून लागू झालं. दोन वर्षं पुष्कळ झाली असं वाटतं. पण घरातलं कर्तं माणूस गेलं, तर कागदपत्रं, वारसा आणि बँकेच्या फेऱ्या यांत दोन वर्षं कशी जातात, हे ज्या घरांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको.

यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे. गूगलच्या सेटिंगमध्ये Inactive Account Manager नावाची सोय आहे. खातं ठरावीक महिने वापरात नसेल तर कुणाला कळवायचं आणि कोणता डेटा द्यायचा, हे तिथे आधीच नोंदवून ठेवता येतं. दहा माणसांपर्यंत नावं देता येतात. अ‍ॅपलमध्ये हीच सोय Legacy Contact या नावाने मिळते. तिथे वारसाकडे एक किल्ली, म्हणजे लांबलचक सांकेतिक क्रमांक, आणि मृत्यूचा दाखला असावा लागतो. प्रवेश मिळाल्यावर तीन वर्षांची मुदत असते, त्यानंतर खातं कायमचं पुसलं जातं. म्हणजे वारसाने एवढ्या काळात सगळं उतरवून घ्यायचं असतं. हे माहीत नसलं की मिळालेला प्रवेशही वाया जातो.

एका घरचा साठा मोजून पाहू

आता एक कल्पित पण नेहमी दिसणारं कुटुंब घेऊ. आईवडील साताऱ्याला, मुलगा पुण्यात, मुलगी न्यू जर्सीत. घरात दोन-दोन तासांच्या वीस व्हीएचएस कॅसेटी आहेत: मुंजी, लग्नं, आजीची पंचाहत्तरी. त्या डीव्ही प्रकारात उतरवल्या तर तासाला सुमारे १३ जीबी लागतात, म्हणजे चाळीस तासांचे ५२० जीबी. मोडी आणि बाळबोध लिपीतली जुनी कागदपत्रं बाराशे पानं भरतात. ए-फोर आकाराचं एक रंगीत पान ६०० डीपीआयने स्कॅन करून टिफ फाइल म्हणून ठेवलं तर ते १०४ एमबी होतं, सगळी पानं मिळून १२५ जीबी. फोनमधले फोटो आणखी दीडशे जीबी धरू. एकूण ८०० जीबीच्या आसपास.

हा साठा घेऊन ते कंपनीच्या दारात उभे राहिले, तर पहिल्याच दिवशी सगळं चढवू नये. वीस जीबीचा एक फोल्डर निवडावा. त्यात एक मोठा व्हिडिओ, शंभर टिफ, काही जुने फोटो आणि मराठीत नावं दिलेल्या फायली असाव्यात. तो चढवावा आणि मग दुसऱ्याच संगणकावर, शक्य तर मुलीच्या घरी, उतरवून पाहावा.

उतरवल्यावर चार गोष्टी बघायच्या. पहिलं म्हणजे फोल्डरची रचना तशीच राहिली का. दुसरं, फायलींची मराठी नावं शाबूत आहेत का. अनेक सेवा मोठा फोल्डर झिप करून देतात आणि काही झिपमध्ये देवनागरी नावांचा चुथडा होतो. शिवाय पुष्कळ सर्व्हरवर फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जाते. म्हणजे साधारण ८५ चिन्हांपुढचं नाव अडकू शकतं. ‘आजोबांच्या वडिलांनी १९३२ साली जमिनीच्या वादासंदर्भात मामलेदार कचेरीत केलेला अर्ज पान तिसरं’ असं नाव देणाऱ्यांनी ते छोटं करून सविस्तर माहिती वेगळ्या यादीत लिहावी.

तिसरी तपासणी तारखांची. गूगल फोटोजमधून Takeout या सोयीने सगळं उतरवलं, तर नंतर हाताने घातलेली तारीख आणि वर्णन फोटोत न राहता शेजारच्या `.json` फायलीत येतं. १९७४ चा स्कॅन केलेला फोटो मग स्कॅन केल्याच्या तारखेखाली जाऊन बसतो. या छोट्या फायली अडगळ समजून पुसू नयेत.

चौथी तपासणी फाइल बिट न् बिट तीच आहे का याची. नजरेने ते कळत नाही. विंडोजमध्ये पुढची ओळ मूळ फायलीवर आणि उतरवलेल्या फायलीवर चालवावी:

```
certutil -hashfile "D:\archive\page001.tif" SHA256
```

दोन्ही वेळा अंकाक्षरांची तीच लांब ओळ आली तर फाइल तंतोतंत तीच आहे. वेगळी आली तर कंपनीने वाटेत काहीतरी बदललंय, बहुधा जागा वाचवायला फोटो दाबून लहान केलाय. रोजच्या फोटोंना ते चालेल, मोडी कागदाच्या स्कॅनला चालणार नाही.

यात वेळही मोजून घ्यावा. ८०० जीबी चढवायला ५० एमबीपीएसच्या अपलोड वेगाने नुसत्या गणिताने साडेपस्तीस तास लागतात. प्रत्यक्षात वेग पडतो, लाइट जाते आणि काम आठवडाभर चालतं. उतरवतानाही तोच वेळ गृहीत धरावा. चोवीस तासांच्या मुदतीचा अर्थ मग नीट कळतो. काही स्वस्त सेवा महिन्याला किती डेटा उतरवता येईल यावर मर्यादा घालतात. ती मर्यादा तुमच्या साठ्यापेक्षा कमी असेल तर तिथे पाऊलच ठेवू नये.

किल्लीचाही विचार इथेच करायला हवा. काही सेवांमध्ये डेटा तुमच्याच पासवर्डने कुलूपबंद होतो आणि कंपनीलाही तो उघडता येत नाही. आधार, खरेदीखत, मृत्युपत्र यांच्यासाठी हे उत्तम. पण पासवर्ड विसरला किंवा तो जाणणारं माणूस गेलं, तर कंपनीच्या हातातही काही उरत नाही. आजीच्या पंचाहत्तरीचा व्हिडिओ असा बंद करण्यात फायदा थोडा आणि धोका फार. खाजगी कागद कुलपात आणि कौटुंबिक आठवणी साध्या खात्यात, अशी विभागणी करावी. कुलपाचा पासवर्ड कागदावर लिहून घरातल्या दोघांना माहीत असलेल्या जागी ठेवावा.

शेवटी काय घ्यावं

पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने लोकप्रिय केलेला एक नियम या क्षेत्रात आजही चालतो: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतली एक घराबाहेर. क्लाउड ही यातली घराबाहेरची एक प्रत. तिला एकुलती एक करू नये. फोन आणि क्लाउड जोडलेले असतील तर तीही वेगळी प्रत धरू नये, कारण एकीकडे पुसलेला फोटो दुसरीकडूनही पुसला जातो आणि कचरापेटीतून काढायला महिना-दोन महिन्यांचीच सवड असते.

साताऱ्याच्या या कुटुंबाला मी असं सुचवेन. एकेक टीबीच्या दोन हार्डडिस्क घ्याव्यात. एक साताऱ्याला राहील, दुसरी पुण्याला, आणि गणपतीत सगळे जमतील तेव्हा दोन्ही जोडून पाहायच्या व नव्या फायली चढवायच्या. तिसरी प्रत क्लाउडवर, वार्षिक वर्गणीने. मासिक नको, कारण वर्षातून एकदा पैसे भरताना चुकण्याचे प्रसंग बारावरून एकावर येतात. खातं मुलाच्या नावावर, वारस म्हणून बहिणीची नोंद आणि पैसे भरायची तारीख दोघांच्या कॅलेंडरमध्ये. वार्षिक वर्गणी देणं जमणार नाही अशी शंका असेल आणि हाती एकरकमी पैसे असतील, तर आजीवन प्लॅनही चालेल. पण कलमं वाचून, वीस जीबीची परीक्षा घेऊन, आणि घरच्या दोन डिस्क जागेवर असतील तरच.

वर्षातून एकदा यातली एक फाइल कुठलीही कल्पना न देता क्लाउडवरून मागून पाहावी आणि वर दिलेली ओळ चालवावी. ती जुळली नाही किंवा उतरवायला अवाजवी वेळ लागला, तर त्याच आठवड्यात दुसरी सेवा शोधायला लागावं. दोन डिस्क हाताशी असल्यामुळे कुठल्याही कंपनीच्या मुदतीकडे डोळे लावून बसायची पाळी तुमच्यावर येणार नाही.